विश्लेषण : ‘फुल अँड फायनल’चा स्क्रीनशॉट आला, ग्रॅच्युइटी, नोटीस पे आणि रजेचे पैसे कसे तपासायचे?

नोकरी सोडल्यानंतर कंपनीकडून मिळणारा अखेरचा हिशेब, म्हणजे ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’, आता बहुतेकांना कागदावर मिळत नाही. मनुष्यबळ विभागातून व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट येतो आणि खाली ‘कन्फर्म करा’ असा निरोप असतो. उरण, थळ, डोलवी, साळाव ते रोहा-धाटाव या रायगडच्या किनारी आणि खाडीकाठच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगार असो की अलिबाग-मुरूडच्या रिसॉर्टमधील कर्मचारी, मोबाइलच्या पडद्यावर त्याची नजर सर्वांत आधी तळाच्या निव्वळ रकमेवर जाते. गोंधळ मात्र त्या रकमेच्या वरच्या तीन ओळींत असतो. ग्रॅच्युइटी, रजेचे रोखीकरण आणि नोटीस पे या तिन्ही रकमांचा पाया वेगळा, भागाकार वेगळा आणि नियमही वेगळा आहे. ही तपासणी एका नमुना हिशेबावरून समजून घेता येते.

नमुना हिशेब काय सांगतो?

समजा, किनारपट्टीवरील एका खासगी कारखान्यातील कामगार १ जुलै २०१८ रोजी नोकरीला लागला. त्याने ३० जानेवारी २०२६ रोजी राजीनामा दिला आणि २८ फेब्रुवारी २०२६ हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, घरभाडे भत्ता १२,००० रुपये आणि प्रवास भत्ता ७,२०० रुपये. पगारपत्रकावरील एकूण पगार ३४,२०० रुपये. याशिवाय भविष्य निर्वाह निधीत कंपनीचा हिस्सा दरमहा १,८०० रुपये.

त्याला आलेल्या स्क्रीनशॉटमधील नोंदी अशा :

- फेब्रुवारीचा पगार : ३४,२०० रुपये
- रजेचे रोखीकरण, २२ दिवस : ११,००० रुपये
- ग्रॅच्युइटी, ७ वर्षे : ५२,५०० रुपये
- वजा भविष्य निर्वाह निधी : १,८०० रुपये
- वजा व्यवसाय कर : ३०० रुपये
- वजा ‘Notice Recovery’, ३० दिवस : ३४,२०० रुपये
- निव्वळ देय : ६१,४०० रुपये

बेरीज-वजाबाकी अचूक आहे. त्यामुळे वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो. व्यवसाय कर नेहमीच्या २०० ऐवजी ३०० रुपये दिसतो, तोही बरोबर आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारीत १०० रुपये जास्त कापले जातात. चूक आहे ती ग्रॅच्युइटी, रजा आणि नोटीस या तीन ओळींत.

ग्रॅच्युइटीच्या ओळीत काय चुकले?

५२,५०० ही रक्कम कशी आली, हे उलट भागाकाराने कळते. ५२,५०० ला ७ ने भागले तर ७,५०० येतात. म्हणजे कंपनीने १५,००० रुपयांचा निम्मा पगार धरून त्याला ७ वर्षांनी गुणले. ‘पंधरा दिवसांचा पगार म्हणजे अर्धा महिना’ असा हा सरळ हिशेब आहे आणि कायद्याला तो मान्य नाही.

कायद्यानुसार महिन्याचे वेतन २६ ने भागून १५ ने गुणायचे असते. कारण महिन्यात साप्ताहिक सुट्ट्या वगळता कामाचे दिवस २६ धरले जातात. हा वाद एका कापड गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दिग्विजय वूलन मिल्सच्या त्या प्रकरणात १९८० मध्ये न्यायालयाने २६ चा भागाकार उचलून धरला. पुढे १९८७ मध्ये संसदेने तो थेट ग्रॅच्युइटी कायद्यात लिहिला. सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच कायम आहे. नुसता भागाकार दुरुस्त केला तरी नमुन्यातील रक्कम ५२,५०० वरून ६०,५७७ रुपये होते.

दुसरी चूक वर्षांची. १ जुलै २०१८ ते २८ फेब्रुवारी २०२६ ही सेवा ७ वर्षे ८ महिन्यांची होते. शेवटच्या अपूर्ण वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल तर तो पूर्ण वर्ष धरला जातो. त्यामुळे येथे ७ नव्हे, ८ वर्षे धरायला हवीत. स्क्रीनशॉटमध्ये ‘DOJ’ म्हणजे रुजू होण्याची तारीख आणि ‘DOL’ म्हणजे सोडण्याची तारीख असते. त्या दोन तारखा नियुक्तिपत्र आणि कार्यमुक्ती पत्राशी ताडून पाहाव्यात. कंपनीचे नाव किंवा मालकी बदलली असेल, तर काही वेळा नव्या कंपनीची तारीख ‘DOJ’ म्हणून दाखवली जाते आणि आधीची वर्षे गळून पडतात. वर्षे ८ धरली की रक्कम ६९,२३१ रुपये होते.

‘वेतन’ म्हणजे नेमके किती?

तिसरी चूक सर्वांत नवी आणि म्हणूनच सहज नजरेतून सुटणारी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली. आधी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर मोजली जात होती. अनेक कंपन्यांनी म्हणूनच मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त अशी पगाराची रचना ठेवली होती. आता घरभाडे, प्रवास भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा अशा वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरची जादा रक्कम वेतनात मिळवावी लागते.

नमुन्यात हे असे दिसते. एकूण मोबदला ३४,२०० अधिक निधीतील कंपनीचा हिस्सा १,८००, म्हणजे ३६,००० रुपये. त्याचा निम्मा भाग १८,००० रुपये. वगळलेल्या बाबी १२,००० अधिक ७,२०० अधिक १,८००, म्हणजे २१,००० रुपये. निम्म्यापेक्षा त्या ३,००० रुपयांनी जास्त आहेत. हे ३,००० मूळ १५,००० मध्ये मिळवले की ग्रॅच्युइटीसाठीचे वेतन १८,००० रुपये ठरते.

आता पूर्ण सूत्र असे :

१८,००० × १५ ÷ २६ × ८ = ८३,०७७ रुपये

ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर आणि सर्व वर्षांसाठी एकाच दराने मोजली जाते. त्यामुळे शेवटच्या महिन्यात पाया ३,००० ने वाढला की त्याचा परिणाम आठही वर्षांवर होतो. कंपनीचे पगाराचे सॉफ्टवेअर जुन्या व्याख्येवरच चालत असेल, तर हा फरक आपोआप येणार नाही. मात्र, ज्यांनी २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच नोकरी सोडली, त्यांचा हिशेब जुन्या कायद्याने होतो. त्यांच्यासाठी या उदाहरणातील पाया १५,००० रुपयेच राहील.

ग्रॅच्युइटी कोणाला लागू?

गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटी लागू होते आणि एकदा लागू झाल्यावर संख्या घटली तरी ती सुटत नाही. सुट्ट्यांच्या हंगामात जादा माणसे घेणाऱ्या आणि पावसाळ्यात कमी करणाऱ्या किनाऱ्यावरील रिसॉर्टसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘आता आमच्याकडे सहाच माणसे आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही.

राजीनामा देणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेची अट आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कंपनीने नेमलेल्यांना नव्या संहितेनुसार एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेले कामगार या प्रकारात आपोआप येत नाहीत. त्यांचा मालक कोण आणि सेवा किती, हे आधी पाहावे लागते.

रजेचे दिवस आणि दर कसा तपासावा?

रजेच्या ओळीत दोन आकडे असतात, दिवस आणि दर. दिवसांची तपासणी सोपी आहे. डिसेंबर २०२५ च्या पगारपत्रकावर ‘EL Balance’ २२ असेल, तर तेवढ्यावर हिशेब थांबत नाही. कारखान्यातील कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. नोकरी सोडताना चालू वर्षातील कामाचे दिवसही त्यात धरायचे असतात, मग वर्षाची किमान कामाच्या दिवसांची अट पूर्ण झालेली नसली तरी चालते. जानेवारी-फेब्रुवारीत ४८ दिवस काम झाले असेल तर ४८ भागिले २०, म्हणजे २.४. अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडून दिला जातो, म्हणून २ दिवस. एकूण शिल्लक २४ दिवस होते. स्क्रीनशॉटमध्ये २२ आहेत, म्हणजे चालू वर्षाचे दोन दिवस गळाले आहेत.

दराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ११,००० ला २२ ने भागले की ५०० रुपये रोज येतो. म्हणजे १५,००० भागिले ३०. कंपनीने येथे फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरला. नव्या व्याख्येतील १८,००० रुपये वेतन धरले तर रोज ६०० रुपये आणि २४ दिवसांचे १४,४०० रुपये होतात. येथे २६ चा भागाकार आपोआप लावता येत नाही, कारण तो कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी ठरवला आहे.

पण येथे आणखी एक कागद पाहायला हवा. कारखाना अधिनियम, १९४८ नुसार रजेच्या दिवसाचा पगार ओव्हरटाइम आणि बोनस वगळून पूर्णवेळ कामाच्या एकूण कमाईच्या रोजच्या सरासरीने ठरत असे. त्यामुळे अनेक कारखान्यांच्या रजा नियमांत, नियुक्तिपत्रात किंवा युनियनबरोबरच्या करारात रोखीकरण ‘पूर्ण पगारावर’ असे लिहिलेले असते. तसे असेल तर नमुन्यातील दर ३४,२०० भागिले ३०, म्हणजे १,१४० रुपये होतो आणि २४ दिवसांचे २७,३६० रुपये मिळायला हवेत. म्हणजे रजेची रक्कम १४,४०० की २७,३६०, हे त्या लेखी नियमावर ठरते. ११,००० मात्र दोन्ही बाजूंनी कमीच आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. ग्रॅच्युइटी व्यवस्थापकापासून मदतनिसापर्यंत सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे. रजेच्या रोखीकरणाची कायदेशीर तरतूद मात्र ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय पदावर असलेल्यांना आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्या पर्यवेक्षकांना नियुक्तिपत्र आणि कंपनीचे रजा धोरण यांवरच अवलंबून राहावे लागते.

नोटीस पे दोन्ही बाजूंनी कसे चालते?

नोटीस पे ही एकच ओळ अशी आहे जी कधी देणे असते, कधी वसुली. कंपनीने कामगार कपात करताना पूर्वसूचना दिली नाही, तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एका महिन्याचे वेतन आणि त्याशिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. अशा वेळी नोटीस पे मिळकतीच्या रकान्यात दिसायला हवे. कंपनीने काढून टाकलेल्या माणसाकडून राजीनामा लिहून घेतला, तर हीच ओळ मिळकतीतून वजावटीत जाते आणि भरपाईची ओळ गायब होते. म्हणून ‘Reason for Leaving’ समोर काय लिहिले आहे, हे आधी वाचावे.

नमुन्यात कामगाराने स्वतः राजीनामा दिला आहे. नियुक्तिपत्रात दोन महिन्यांची पूर्वसूचना आहे आणि ३० जानेवारी ते २८ फेब्रुवारी असे ३० दिवस त्याने भरले आहेत. त्यामुळे ३० दिवसांची तूट खरी आहे. प्रश्न दराचा आहे. कंपनीने ३४,२०० रुपये, म्हणजे पूर्ण पगार कापला. नियुक्तिपत्रातील कलम मात्र ‘पूर्वसूचना अथवा त्याऐवजी मूळ वेतन व महागाई भत्ता’ असे असेल, तर वसुली १५,००० रुपयांचीच व्हायला हवी. शिवाय व्यवस्थापकाने ईमेलवर ‘२८ फेब्रुवारीला कार्यमुक्त करत आहोत, उर्वरित कालावधी माफ’ असे लिहिले असेल, तर वसुलीच होऊ शकत नाही. कंपनीचे मेल खाते बंद होण्याआधी तो ईमेल जपून ठेवणे म्हणूनच गरजेचे असते.

नियुक्तिपत्र हाताशी नसेल, तरी स्क्रीनशॉटमध्येच एक कसोटी सापडते. एकाच माणसाच्या एका दिवसाची किंमत दोन ओळींत किती धरली आहे, ते पाहावे. येथे रजेचा एक दिवस कंपनी ५०० रुपयांना विकत घेते आणि नोटीसचा एक दिवस १,१४० रुपयांना वसूल करते. द्यायचे तेव्हा मूळ वेतन आणि घ्यायचे तेव्हा पूर्ण पगार, असा हा प्रकार आहे. हा फरक लेखी नियमात नसेल, तर कंपनीला त्याचे कारण विचारता येते.

नोटीसची वसुली ग्रॅच्युइटीतून करता येते का?

स्क्रीनशॉटमध्ये सर्व रकमा एकत्र करून तळाशी एक आकडा काढलेला असतो. त्यामुळे वसुली नेमकी कशातून झाली, हे दिसत नाही. नमुन्यात महिन्याचा पगार निधी आणि व्यवसाय कर वजा जाता ३२,१०० रुपये आहे आणि रजेचे ११,०००. १५,००० रुपयांची योग्य वसुली यातूनच होऊ शकते, ग्रॅच्युइटीला हात लावण्याची गरजच पडत नाही.

तशी परवानगीही नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत : कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान केल्यामुळे नोकरीवरून काढणे, हिंसक वर्तनामुळे काढणे किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यामुळे काढणे. या सर्वांत ‘काढणे’ ही पहिली अट आहे. राजीनामा देणाऱ्याची अपुरी पूर्वसूचना या यादीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२५ रोजी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणासोबत एसटी महामंडळाच्या वाहकांची प्रकरणेही निकाली काढली. भाड्याच्या पैशांच्या अपहारावरून बडतर्फ झालेल्या त्या वाहकांची ग्रॅच्युइटीही न्यायालयाने संपूर्ण जप्त होऊ दिली नाही. जप्ती २५ टक्क्यांपुरती ठेवून उरलेली रक्कम देण्यास सांगितले. अपहाराच्या प्रकरणात ही मर्यादा असेल, तर नोटीसच्या ३० दिवसांसाठी ग्रॅच्युइटी अडवणे कायद्यात कुठे बसते, हे कंपनीला सांगावे लागेल.

एकूण फरक किती?

दुरुस्त हिशेबात पगार ३२,१००, ग्रॅच्युइटी ८३,०७७ आणि नोटीसची वसुली १५,००० रुपये. रजेचे किमान १४,४०० धरले तर निव्वळ देय १,१४,५७७ रुपये होते. रजा पूर्ण पगारावर असेल तर १,२७,५३७ रुपये. स्क्रीनशॉटमधील ६१,४०० शी तुलना केली तर कामगाराचे किमान ५३,१७७ आणि कमाल ६६,१३७ रुपये कमी लागले आहेत. यातील ३०,५७७ रुपये एकट्या ग्रॅच्युइटीतले आहेत.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

वेतन संहितेनुसार राजीनामा, कपात किंवा बडतर्फीनंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. रजेच्या पैशांनाही हीच मुदत आहे. ‘४५ दिवसांत एफएनएफ होईल’ असा कंपनीचा नियम असला तरी तो या मुदतीच्या वर जात नाही. ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर सरळव्याज लागू होते. जुन्या कायद्याखालील अधिसूचनेत हा दर वर्षाला १० टक्के आहे. म्हणजे नमुन्यातील ८३,०७७ रुपयांवर दिवसाला सुमारे २३ रुपये.

स्क्रीनशॉटला उत्तर काय द्यावे?

‘ओके’ किंवा ‘कन्फर्म’ असे उत्तर पाठवण्याआधी पूर्ण पीडीएफ मागावी. स्क्रीनशॉटमध्ये अनेकदा दुसरे पान किंवा उजवीकडचा दराचा रकाना कापला गेलेला असतो. त्यानंतर ईमेलवर तीनच प्रश्न विचारावेत. ग्रॅच्युइटीसाठी वेतन किती, भागाकार कितीचा आणि वर्षे किती धरली? रजेचे दिवस आणि दर कोणत्या नियमानुसार? नोटीसची वसुली नियुक्तिपत्राच्या कोणत्या कलमानुसार? उत्तर लेखी आले की चूक कुठल्या ओळीत आहे, ते नेमके दाखवता येते.

‘यापुढे कोणतीही मागणी राहिलेली नाही’ अशा मजकुरावर सही मागितली, तर ‘हक्क राखून, फरकाच्या मागणीसह’ असे लिहून सही करता येते. मान्य असलेली रक्कम बँकेत जमा झाली म्हणून फरकाचा हक्क संपत नाही. कायद्याने दिलेली ग्रॅच्युइटी खासगी कागदावरील सहीने कमी करता येत नाही.

कंपनीने दाद दिली नाही, तर तक्रार कुठे करायची हे आस्थापनेवर ठरते. जिल्ह्यातील खासगी कारखाने आणि रिसॉर्ट राज्याच्या कामगार विभागाकडे येतात. रायगडसाठी त्याचे कार्यालय पनवेलला आहे. उरणचे जेएनपीए बंदर, थळचा आरसीएफ प्रकल्प यांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापना केंद्रीय कामगार यंत्रणेकडे जातात. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत एकाहून अधिक राज्यांत शाखा असलेल्या कंपन्याही तिकडेच येतात. त्यांच्यासाठी केंद्राचे ‘समाधान’ पोर्टल आहे. अर्जासोबत नियुक्तिपत्र, शेवटची तीन पगारपत्रके, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा ईमेल, बँकेचे विवरण आणि आलेला स्क्रीनशॉट जोडावा. स्क्रीनशॉट ज्या चॅटमध्ये आला, ते चॅट पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख दिसेल असे जपावे, कारण कंपनीने कोणता आकडा कधी मान्य केला होता, याचा तोच पुरावा असतो.